हिरवट बेडका, आठ दिवसांचा खोकला आणि अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या

प्रश्न : डॉक्टरसाहेब, काल तुम्ही तपासून फक्त पॅरासिटामॉल, मध आणि गुळण्या सांगितल्या. आज आठवा दिवस आहे, खोकला थांबत नाही, बेडका हिरवट-पिवळा पडतो, रात्री झोप होत नाही. मागच्या वर्षी याच दिवसांत असेच झाले होते आणि अझिथ्रोमायसिन ५०० च्या तीन गोळ्यांत मी तिसऱ्या दिवशी बरा झालो होतो. पुढच्या आठवड्यात द्राक्षांची तोडणी आहे, मला आजारी पडून चालणार नाही. त्याच तीन गोळ्या लिहून द्यायला काय अडचण आहे? आमच्याकडे मेडिकलवाला चिठ्ठीशिवायही देतो. – निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : तुमचा त्रास खरा आहे, हे आधी लिहितो. "अँटिबायोटिकची गरज नाही" असे डॉक्टरने म्हटले की रुग्णाला ते पुष्कळदा "तुम्हाला काही झालेले नाही" असे ऐकू येते. रात्रभर खोकून सकाळी बागेत उभ्या राहणाऱ्या माणसाला काही झालेले नाही असे कोण म्हणेल? झाले आहे, पण जे झाले आहे त्यावर या तीन गोळ्यांचा परिणाम होत नाही, आणि त्या घेण्याची किंमत मात्र तुम्हालाच मोजावी लागते. या दोन्ही गोष्टी दवाखान्यात दोन मिनिटांत पटवून देता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

कालच्या तपासणीत मला काय आढळले ते प्रथम सांगतो, कारण माझा निर्णय त्यावर उभा आहे. तुम्हाला पहिले तीन दिवस ताप होता आणि चौथ्या दिवसापासून तो आलेला नाही. काल तापमान ९८.६ होते. नाडी मिनिटाला ८४, श्वास मिनिटाला १८ आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९७ टक्के होता. छाती पुढून-मागून, वरपासून तळापर्यंत ऐकली. दोन्ही बाजूंना थोडी घरघर होती आणि खोकून बेडका काढल्यावर तीही कमी झाली, म्हणजे ती मोठ्या श्वासनळ्यांतील कफाची होती. न्यूमोनियात फुफ्फुसाच्या एखाद्या भागातून बारीक करकर ऐकू येते आणि ती खोकल्यावरही जात नाही. तशी कुठेही नव्हती. ताप नाही, नाडी शंभराच्या आत, श्वास चोवीसच्या आत आणि छाती स्वच्छ, असे चारही एकत्र असतील तर एरवी धडधाकट असलेल्या प्रौढ माणसाला न्यूमोनिया असण्याची शक्यता फारच कमी असते, आणि अशा वेळी छातीचा फोटोदेखील काढावा लागत नाही. रक्तदाबाची तुमची गोळी मुद्दाम पाहून घेतली. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना महिनोन्‌महिने कोरडा खोकला येतो. तुमची अम्लोडिपिन आहे, तिच्यामुळे खोकला येत नाही. त्यामुळे तोही संशय मिटला.

राहतो तो श्वासनळ्यांचा दाह, ज्याला आम्ही अ‍ॅक्युट ब्रॉन्कायटिस म्हणतो. सर्दीच्या विषाणूंपैकी एखादा नाकाघशातून खाली उतरतो आणि श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतो. शरीर आठवडाभरात विषाणूला बहुतेक संपवते, ताप आणि अंगदुखी जाते, पण सोलवटलेले अस्तर पुन्हा भरून यायला त्याहून बराच अधिक काळ लागतो. तोपर्यंत उघड्या पडलेल्या मज्जातंतूंना थंड हवा, धूर, धूळ, मोठ्याने बोलणे, एवढेच काय, खळखळून हसणेसुद्धा चिथावते आणि खोकला येतो. म्हणजे या टप्प्यावरचा खोकला बहुतांशी दुरुस्तीच्या काळातला असतो. अँटिबायोटिक जिवाणूंना मारते. विषाणूवर ते चालत नाही आणि अस्तर भरून येण्याला त्याने वेगही येत नाही.

लोकांची गफलत होते ती दिवसांच्या हिशोबात. असा खोकला किती दिवस टिकेल असे विचारले तर बहुतेक जण आठवडाभर म्हणतात. अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा औषध न देताही बऱ्या होणाऱ्या रुग्णांत या खोकल्याची सरासरी सुमारे १८ दिवस भरली. सरासरी अठरा, म्हणजे कित्येकांना तीन आठवडेही लागतात. तुमचा आज आठवा दिवस आहे. मनात सात दिवसांचा हिशोब असला की आठव्या दिवशी काहीतरी बिघडल्यासारखे वाटू लागते, आणि नेमक्या त्याच दिवशी माणूस "आता जरा भारी औषध द्या" म्हणत येतो. माझ्याकडे थंडीच्या दिवसांत असे रुग्ण येतात ते बहुतेक सहाव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान, यात मला आता काही नवल वाटत नाही.

आता बेडक्याच्या रंगाकडे येतो, कारण मला वाटते तुमच्या काळजीचे मूळ तिथे आहे. हिरवा-पिवळा बेडका म्हणजे पू, पू म्हणजे जंतू आणि जंतू म्हणजे अँटिबायोटिक, अशी साखळी आपल्या मनात पक्की बसलेली असते. खरे सांगायचे तर काही डॉक्टरांच्या मनातही ती असते. तो रंग जंतूंचा नसतो. रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी एका प्रकारच्या पेशींमध्ये मायलोपरॉक्सिडेज नावाचे विकर असते आणि त्या विकराचाच रंग हिरवा असतो. दाह झालेल्या ठिकाणी या पेशी गोळा होतात, आपले काम करून मरतात आणि कफात मिसळतात, तसा कफ पांढऱ्याचा पिवळा आणि पिवळ्याचा हिरवट होतो. दाह विषाणूमुळे झालेला असो वा जिवाणूमुळे, पेशी त्याच येतात. सकाळचा पहिला बेडका अधिक गडद असतो, कारण तो रात्रभर साचून राहिलेला असतो. ज्यांना वर्षानुवर्षांचा दमा किंवा धूम्रपानाने आलेला फुफ्फुसाचा जुनाट विकार आहे, त्यांच्यात बेडक्याचा बदललेला रंग आम्ही विचारात घेतो. तुम्हाला तसा आजार नाही, तुम्ही विडी-सिगारेट ओढत नाही. त्यामुळे केवळ रंगावरून मी काही ठरवणार नाही. गंजासारखा तांबूस किंवा रक्ताचा बेडका ही मात्र वेगळी गोष्ट आहे, त्याकडे पुढे येतो.

मागच्या वर्षीच्या अनुभवाचे काय, हा तुमचा सर्वांत सबळ मुद्दा आहे आणि त्याला नुसते "योगायोग" म्हणून उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. तुम्ही आणि तुमच्या पत्नीने काल जे सांगितले ते क्रमाने मांडून पाहू. गेल्या वर्षी पहिल्या दिवशी घसा खवखवला आणि नाक गळू लागले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप आणि अंगदुखी होती, चौथ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी खोकला वाढला, बेडका पिवळा झाला. सहाव्या दिवशी तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात जाऊन तुम्ही गोळ्या आणल्या आणि सहा, सात, आठ असे तीन दिवस घेतल्या. नवव्या दिवशी तुम्हाला मोकळे वाटले आणि तुम्ही बागेत गेलात. तुमच्या हिशोबाने आजार त्या दिवशी संपला. पण तुमच्या पत्नीने मध्येच सांगितले की त्यानंतरही पंधरा-एक दिवस तुम्ही रात्री खोकत होतात आणि त्यांनी तुम्हाला हळदीचे दूध देऊन झोपवले होते. म्हणजे खोकला गेला तो सुमारे चोविसाव्या दिवशी.

आता याच आजाराचा औषधाविना होणारा प्रवास पाहा. ताप आणि अंगदुखी दोन-तीन दिवसांत, नाक गळणे आठवडा-दहा दिवसांत, थकवा साधारण नवव्या-दहाव्या दिवसापर्यंत आणि खोकला अडीच-तीन आठवड्यांनी जातो. गेल्या वर्षी तुमचा प्रवास नेमका असाच झाला. गोळ्या तुम्ही सुरू केल्या त्या त्रास अगदी शिगेला पोहोचला असताना, आणि शिखरानंतर उतार असतोच. त्या उताराचे श्रेय ज्याने त्याने आपापल्या औषधाला दिले. त्या सहाव्या दिवशी तुम्ही काढा घेतला असता तर यंदा तुम्ही माझ्याकडे काढ्याची कृती मागितली असती.

हे मी तर्काने सांगतो आहे असे वाटू नये, म्हणून एका अभ्यासाचा उल्लेख करतो. तुमच्याच आजारावर आणि तुमच्याच गोळीवर तो झाला आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात श्वासनळ्यांच्या तीव्र दाहाचे २२० रुग्ण घेऊन त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला अझिथ्रोमायसिन दिले; पाच दिवसांत मिळून दीड ग्रॅम, म्हणजे तुमच्या ५०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्यांएवढेच. दुसऱ्या गटाला कमी मात्रेतील व्हिटॅमिन सी दिले. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांना कळू दिले नाही. खोकल्याचे पातळ औषध आणि श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप मात्र दोन्ही गटांना दिला. सातव्या दिवशी पाहिले तर दोन्ही गटांतील ८९ टक्के लोक आपापल्या नेहमीच्या कामावर परतले होते. एवढेही नाही आणि तेवढेही नाही, दोन्हीकडे सारखेच. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर वेगवेगळ्या अँटिबायोटिकांचे असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा खोकल्याचे दिवस सरासरी जेमतेम अर्ध्या दिवसाने कमी झालेले आढळले आणि त्याच वेळी मळमळ, जुलाब, अंगावर पुरळ असा त्रास अधिक लोकांना झाला. अठरा दिवसांतला अर्धा दिवस. तोडणीचे गणित त्याने बदलत नाही. उलट तोडणीच्या दिवशी जुलाब लागले तर काय, याचाही विचार करा.

"फायदा नसेल तर नसो, पण तोटा तरी काय?" असा प्रश्न यानंतर सहसा येतो. याचे उत्तर अझिथ्रोमायसिनच्या बाबतीत थोडे विशेष आहे. अमॉक्सिसिलिन रक्तातून साधारण तासाभरात निम्मे होते आणि दिवसभरात निघून जाते. अझिथ्रोमायसिन पेशींच्या आत जाऊन बसते आणि शरीरातून निम्मे व्हायला त्याला सुमारे ६८ तास, म्हणजे जवळजवळ तीन दिवस लागतात. म्हणूनच दिवसाला एक गोळी आणि तीनच दिवस एवढ्यावर भागते. लोकांना ती सोयीची वाटते ती यासाठीच. पण या सोयीची दुसरी बाजू अशी की गोळ्या संपल्यावरही दोन-तीन आठवडे हे औषध शरीरात अगदी थोड्या प्रमाणात रेंगाळत राहते. ते प्रमाण जंतू मारायला अपुरे असते. जे जंतू या औषधाला दाद देत नाहीत त्यांना मात्र तेवढ्यानेही रान मोकळे मिळते, कारण त्यांचे दुबळे भाईबंद तेवढे मरतात किंवा खुंटतात.

आपल्या घशात आणि आतड्यात एरवी गुण्यागोविंदाने राहणारे अब्जावधी जिवाणू असतात आणि गोळी घेतली की तिचा मारा सर्वप्रथम त्यांच्यावर होतो. बेल्जियममध्ये निरोगी स्वयंसेवकांना हे औषध एकदाच, तीन दिवस देऊन त्यांच्या घशातील स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू तपासत राहिले. त्यांतील औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण चारच दिवसांत झपाट्याने वाढले आणि सहा महिन्यांनंतरही ते पूर्वपदावर आलेले नव्हते. म्हणजे गेल्या वर्षीच्या तीन गोळ्यांनी तुमच्या घशात जी निवड घडवली, तिचा माग पुढचे सहा महिने राहिला असण्याची शक्यता आहे. या जिवाणूंचेच एक भावंड न्यूमोनिया घडवते, आणि औषधाला न जुमानण्याची ही ताकद जिवाणू एकमेकांना देऊ शकतात, एकाच घरात राहणाऱ्या माणसांमध्ये पसरवूही शकतात.

हे तुम्हाला समजायला अवघड जाऊ नये, कारण बागेत तुम्ही हेच दरवर्षी करता, किंबहुना आमच्यापेक्षा अधिक शिस्तीने करता. पानांवर फुलकिडे दिसले म्हणून तुम्ही डावणीचे बुरशीनाशक मारत नाही, आणि डावणीवरसुद्धा एकच औषध फवारणीमागून फवारणी मारत राहिले तर ते चालेनासे होते, म्हणून गट बदलून मारता. विषाणूच्या खोकल्यावर अझिथ्रोमायसिन देणे म्हणजे फुलकिड्यांवर डावणीचे औषध मारणे, आणि तेही असे की पुढे खरीच डावणी आली तर हाताशी ते औषध उरू नये.

ती "खरी डावणी" कोणती, हे सांगितल्याशिवाय हा मुद्दा पुरा होणार नाही. आपल्या भागात टायफॉइड आजही नेमाने आढळतो. १९९० च्या दशकात सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांनी टायफॉइड चटकन उतरत असे. ते औषध साध्या जुलाबापासून सर्दीपर्यंत सगळ्यावर इतके वापरले गेले की आज भारतातील टायफॉइडच्या बहुसंख्य जिवाणूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. घरी राहून तोंडाने घेता येईल असे टायफॉइडवरचे जे मोजके औषध आता शिल्लक आहे त्यात अझिथ्रोमायसिन अग्रक्रमाने येते. शेजारच्या पाकिस्तानात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडच्या एका प्रकारावर तर तोंडाने घेण्याच्या औषधांत जवळपास तेच एक उरले आहे. ते चालले नाही तर रुग्णाला दवाखान्यात दाखल करून शिरेतून महागडी इंजेक्शने द्यावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकांची जी वर्गवारी केली आहे तिच्यात अझिथ्रोमायसिन "जपून वापरण्याच्या" गटात आहे, तर साधे अमॉक्सिसिलिन पहिल्या, सहज वापरण्याच्या गटात. आपल्याकडे नेमके उलट झाले आहे. अझिथ्रोमायसिन ५०० ची गोळी भारतात सर्वाधिक खपणाऱ्या अँटिबायोटिकांपैकी एक आहे, आणि ती बव्हंशी तुमच्यासारख्याच खोकल्यांवर खर्ची पडते असे माझे स्पष्ट मत आहे.

हृदयाच्या लयीवर या गोळीचा क्वचित परिणाम होतो, तेही एका वाक्यात सांगून टाकतो. तुमच्यासारख्या माणसाला तो धोका अगदी अल्प आहे, पण घरातील वडीलधाऱ्यांना हृदयाच्या ठोक्यांचा विकार असेल तर तुमच्या उरलेल्या गोळ्या त्यांना "तुम्हीही घेऊन टाका" म्हणून कधीही देऊ नका.

मेडिकलच्या दुकानाबद्दल फार लिहीत नाही. गोळ्यांच्या पाकिटावर जी उभी लाल रेघ असते तिचा अर्थ डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये असा आहे, आणि कायद्यानेही हे औषध चिठ्ठीवरच विकायचे आहे. चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून ते निर्धोक ठरत नाही. मला अधिक काळजी आहे ती दुसऱ्याच गोष्टीची : अझिथ्रोमायसिन नसेल तर दुकानातून लेव्होफ्लॉक्सासिन हातात दिले जाते. ते क्षयरोगाच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालते. खोकल्यामागे खरोखर क्षय असेल तर त्या गोळ्यांनी तो काही दिवस दबतो, बेडक्याच्या तपासणीतही सापडेनासा होतो आणि निदान लांबते. तेव्हा दुकानात गेलातच, तर ही गोळी तरी घेऊ नका.

आता मी केव्हा मत बदलेन ते सांगतो, कारण "अँटिबायोटिक कधीच नाही" असे माझे म्हणणे नाही. गेलेला ताप पुन्हा उलटून आला आणि १०० च्या वर राहिला, तर विषाणूने सोलवटलेल्या श्वासनळ्यांत मागाहून जिवाणू शिरले असण्याची शंका मी घेईन. आधी बरे वाटणे आणि मग पुन्हा बिघडणे ही त्याची ठळक खूण असते. बसल्या जागी श्वास मिनिटाला चोवीसच्या वर गेला, खोल श्वास घेताना छातीच्या एका बाजूला टोचल्यासारखे दुखू लागले, बेडका तांबूस किंवा रक्ताचा पडला किंवा बोटावरचा ऑक्सिजन ९४ किंवा त्याखाली आला, तर यांतील एकही गोष्ट पुरेशी आहे. त्याच दिवशी या, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. श्वास मोजायचा तो माणूस शांत बसलेला असताना, त्याला न सांगता, पूर्ण एक मिनिट. हे काम तुमच्या पत्नीकडे द्या, कारण आपण स्वतःचा श्वास मोजू लागलो की तो बदलतो. खोकल्याच्या उबळीने उलटी होऊ लागली किंवा उबळीनंतर आत श्वास ओढताना आवाज येऊ लागला तर डांग्या खोकल्याचा विचार करावा लागेल, आणि गंमत अशी की त्यावर योग्य औषध अझिथ्रोमायसिनच आहे. त्या वेळी ते मी आपणहून लिहीन.

तपासणीनंतरही शंका उरली असती तर मी रक्तातील सीआरपी, म्हणजे दाह झाला की वाढणारे एक प्रथिन, तपासायला सांगितले असते. लिटरमागे २० मिलिग्रॅमपेक्षा ते कमी असेल तर अशा खोकल्यात अँटिबायोटिक सहसा लागत नाही आणि १०० च्या वर असेल तर द्यावेच लागते. कोणी तुम्हाला ही तपासणी सांगितली तर रिपोर्टवरचे एकक नीट पाहा. काही प्रयोगशाळा डेसिलिटरमागे आकडा देतात. तिथला २ म्हणजे इथला २० होतो, आणि या गोंधळापायी लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात. तुमच्या बाबतीत कालच्या तपासणीत काही संदिग्ध नव्हते, म्हणून तो खर्च सांगितला नाही.

या आठवड्यात काय करायचे? ताप नसल्यामुळे पॅरासिटामॉल ६५० अंग किंवा डोके दुखेल तेव्हाच घ्या, दोन गोळ्यांत सहा तासांचे अंतर ठेवा आणि दिवसात चारच्या वर नको. झोपण्यापूर्वी कोमट पाण्यातून दोन चमचे मध घ्या. रात्रीच्या खोकल्यावर त्याचा थोडाफार उपयोग होतो आणि तुम्हाला मधुमेह नाही. त्याने भागले नाही तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन एवढाच घटक असलेले सिरप फक्त रात्री घ्या, मात्रा बाटलीवर असते. चार-पाच औषधे एकत्र केलेली सिरपे घेऊ नका : त्यांतील नाक मोकळे करणाऱ्या घटकाने रक्तदाब वाढू शकतो आणि सर्दीच्या घटकाने झापड येते, जी ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसाला परवडणारी नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि वाफ यांनी आराम वाटतो म्हणून घ्या, आजार लवकर जातो म्हणून नव्हे; आणि वाफ घेताना उकळते पातेले मांडीवर घेऊ नका, दर हिवाळ्यात त्याने भाजलेली माणसे पाहतो.

तुमच्या खोकल्याला सर्वांत जास्त चिथावते ते तुमचे रान. निफाडकडे पारा उतरला की बागा वाचवण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात, आणि सोलवटलेल्या श्वासनळ्यांना यापेक्षा वाईट काही नाही. पुढचे दोन आठवडे हे काम आणि गंधकाची फवारणी किंवा धुरळणी दुसऱ्या कोणावर सोपवा. पहाटे सहाऐवजी ऊन पडल्यावर बागेत जा, नाकातोंडावर कापड बांधा, मजुरांना हाका मारण्याचे काम मुलाला द्या. आत्ता ताप नाही आणि दम लागत नाही, तेव्हा तोडणीवर देखरेख करायला माझी हरकत नाही. क्रेट उचलू नका. घरात वडील वयस्कर आहेत, म्हणून काही दिवस त्यांच्यापासून वेगळे झोपा आणि खोकताना तोंडावर रुमाल धरा. हे काम गोळीने होत नाही.

आठ दिवस झाले, म्हणजे आणखी सहा दिवसांनी दोन आठवडे पुरे होतील. दोन आठवडे किंवा अधिक काळ खोकला असणाऱ्या प्रत्येकाचा बेडका क्षयासाठी तपासावा, असा आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा नियम आहे आणि मी तो पाळतो. तुम्हाला क्षय असावा असे मला वाटत नाही : वजन उतरलेले नाही, संध्याकाळचा बारीक ताप नाही, घरात कोणाला झालेला नाही. बहुधा त्या दिवशी खोकला कमी होत आलेला असेल, पण पूर्ण गेलेला नसेल, आणि अठरा दिवसांच्या हिशोबात ते बसतेही. तरीही पंधराव्या दिवशी खोकला असेल तर सकाळी चूळ भरून, खोल खोकून काढलेला बेडका जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात द्या. तपासणी मोफत असते. नुसती थुंकी चालत नाही. रिपोर्ट घेऊन माझ्याकडे या, तेव्हा छाती पुन्हा ऐकेन आणि घरघर उरली असेल तर काही दिवसांसाठी पंप लिहून देईन.